लॉगिन पेजच्या टेस्ट केसेस: पाचव्या चुकीनंतर काय?

माझा टेस्टिंगचा पहिला इंटरव्ह्यू अंधेरीतल्या एका ऑफिसात झाला. समोरच्या गृहस्थांनी कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "लॉगिन पेज आहे. टेस्ट केसेस सांगा." प्रश्न आधीच माहीत असल्यामुळे मी खुशीत सुरू झाले. युजरनेम बरोबर पासवर्ड बरोबर, युजरनेम बरोबर पासवर्ड चूक, दोन्ही रिकामे, लोगो दिसतो का, बटणाचा रंग बरोबर आहे का, पासवर्ड ठिपक्यांत दिसतो का. तीसेक केसेस झाल्यावर त्यांनी थांबवलं. "पाच वेळा पासवर्ड चुकला तर?" मी म्हटलं, "अकाउंट लॉक होईल." "कशावरून?" मी म्हटलं, "तसा मेसेज येईल." ते फक्त हसले. ती नोकरी मला मिळाली नाही, आणि त्या हसण्याचा अर्थ कळायला पुढे दोन वर्षं गेली.

आता टेबलाच्या पलीकडे मी बसते. ऐरोलीच्या ऑफिसात फ्रेशर्सचे आणि दोन-तीन वर्षं अनुभव असलेल्यांचे इंटरव्ह्यू घेताना हाच प्रश्न विचारते, कधी लॉगिन पेज देऊन, कधी पेन, लिफ्ट, छत्री अशी एखादी वस्तू देऊन. दहातले आठ जण मी तेव्हा केलं तेच करतात: आठवेल ते भराभर सांगतात. यादी लांब होते आणि तिला दिशा नसते. या लेखात एकच लॉगिन पेज घेऊन उत्तर कसं बांधायचं ते दाखवते, आणि शेवटी तीच पद्धत छत्रीवर लावून बघू.

आधी विचारा, मग सांगा

प्रश्न मुद्दाम अर्धवट दिलेला असतो. "लॉगिन पेज" म्हणजे बँकेचं की भाजीच्या अ‍ॅपचं, हेच सांगितलेलं नसतं. त्यामुळे पहिल्या मिनिटात एकही टेस्ट केस सांगायची नाही, प्रश्न विचारायचे. तेही वीस नको. कोण वापरणार, लॉगिन कशाने होतं, चुकल्यावर नियम काय, आणि पासवर्ड विसरल्यावर काय, एवढे चार पुरतात. समोरचा "तुम्हीच ठरवा" म्हणाला तर "मी असं धरून चालते" असं म्हणून स्वतःच नियम मांडायचे. गृहीत धरणं चालतं, पण ते न सांगता धरलं तर अंगाशी येतं, कारण मग समोरच्याला तुमची अपेक्षा कुठून आली ते कळत नाही.

आपलं उदाहरण असं: मुंबईतल्या एका हाउसिंग सोसायटीचं मेंटेनन्स भरायचं वेबपेज. वापरणारे सभासद, त्यांत सत्तरीचे आजोबाही आहेत आणि सेक्रेटरीही. लॉगिन दहा आकडी मोबाइल नंबर आणि पासवर्डने. पासवर्ड लागोपाठ ५ वेळा चुकला की अकाउंट १५ मिनिटं लॉक. पासवर्ड विसरला तर ओटीपी घेऊन नवा ठेवायचा.

सोसायटी म्हटल्याबरोबर एक प्रश्न आपोआप सुचायला हवा: फ्लॅट विकून गेलेल्या सभासदाचं अकाउंट चालू राहतं का? लॉगिनच्या ठरावीक यादीत हा प्रश्न सापडणार नाही. तो वापरणाऱ्यांचा विचार केला तरच सुचतो, आणि कुणी तो विचारला की मी पेन खाली ठेवून नीट ऐकायला लागते.

चार चौकटींचं कोष्टक, आणि त्यातली गळती

सुरुवात साध्या रस्त्याने करा: नोंदलेला नंबर, बरोबर पासवर्ड, आत गेलं, आणि आपल्याच फ्लॅटचं बिल दिसलं. "आपल्याच फ्लॅटचं" हे शब्द महत्त्वाचे. "होम पेज उघडलं" एवढ्यावर थांबलात तर ३०२ वाल्याला ३०३ चं बिल दिसतंय हे सुटून जाईल.

मग कोष्टक. नंबर नोंदलेला आहे किंवा नाही, पासवर्ड बरोबर किंवा चूक. कागदावर चार चौकटी होतात, पण नोंदच नसलेल्या नंबरचा बरोबर पासवर्ड असूच शकत नाही, म्हणून खऱ्या तीन उरतात. उमेदवार चारही चौकटी पाठ म्हणतात, ही गोष्ट क्वचित कुणाच्या लक्षात येते. मात्र त्या मोकळ्या चौकटीच्या जागी एक चांगली केस बसते: माझा नंबर आणि शेजाऱ्याचा पासवर्ड. दोन्ही गोष्टी सिस्टिममध्ये खऱ्या आहेत, फक्त एकमेकांच्या नाहीत. लॉगिन व्हायला नको.

चुकीच्या दोन चौकटींत काय मेसेज येतो ते शेजारी शेजारी ठेवून वाचा. नोंद नसलेल्या नंबरला "हा नंबर नोंदलेला नाही" आणि नोंदलेल्याला "पासवर्ड चुकीचा आहे" असं येत असेल, तर बाहेरचा माणूस एकेक नंबर टाकून कोणाचं अकाउंट आहे याची यादी बनवू शकतो. दोन्हींना एकच मेसेज हवा: "मोबाइल नंबर किंवा पासवर्ड चुकीचा आहे." शब्द एक असूनही कधी कधी वेळेवरून कळतं. पासवर्डचं हॅश तपासायला सर्व्हरला थोडा वेळ लागतो. नंबरच नसेल तर काही जण ती पायरी गाळतात आणि उत्तर लवकर येतं. एवढं बोललात तर पुढचा प्रश्न "हे मोजणार कसं?" असा येईल. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये दोन्ही रिक्वेस्टचा वेळ दिसतो. प्रत्येक पंधरा-वीस वेळा करून बघा, एकदाच बघून निष्कर्ष काढू नका, कारण नेटवर्कचा वेळच वरखाली होत असतो. आणि नोंदलेल्या नंबरसाठी चार-पाच अकाउंट घ्या, नाहीतर पाचव्या चुकीला एकच अकाउंट लॉक होऊन बसेल आणि पुढचे आकडे लॉकचे मोजाल.

दोन रकाने

मोबाइल नंबरच्या रकान्यात ९, १० आणि ११ आकडे टाकून बघणं सगळे सांगतात. बरोबरच आहे, सीमेच्या आत-बाहेर पाहायलाच हवं. पण माणसं नंबर टाइप करतात तसा कॉन्टॅक्टमधून कॉपीही करतात. कॉपी केला की तो "+91 9xxxx xxxxx" असा येतो. रकान्याला `maxlength="10"` लावलेलं असेल तर ब्राउझर पहिली दहा अक्षरं ठेवून बाकीची कापतो, आणि उरतं "+91 9xxxx " एवढंच, शेवटच्या मोकळ्या जागेसकट. आजोबांना वाटतं नंबर पूर्ण आहे, मेसेज येतो नंबर चुकीचा. आता काय अपेक्षित आहे? +91 आणि मोकळ्या जागा काढून टाकायच्या, की स्पष्ट मेसेज द्यायचा? नियमात नसेल तर ते विचारायचं. हल्ली टेस्ट केस म्हणून नाही, तर प्रश्न म्हणून मांडलेला मुद्दाही मी गुणांत धरते.

दुसरी केस आपल्याच भाषेतली आहे. मराठी कीबोर्ड चालू असताना आकडे देवनागरीत उमटू शकतात. तेव्हा पेज काय करतं, हे जावास्क्रिप्ट आणि पायथॉनमध्ये वेगळं निघतं. खाली `\d` म्हणजे "एक आकडा":

```
JavaScript   /^\d+$/.test("१२३")          // false
Python 3     re.fullmatch(r"\d+", "१२३")   # जुळतं
Python 3     int("१२३")                    # 123
```

म्हणजे पानावरची तपासणी जावास्क्रिप्टमध्ये असेल तर ती देवनागरी नंबर अडवेल, आणि मागे पायथॉनचा सर्व्हर असेल तर तो तोच नंबर आकडे म्हणून स्वीकारू शकेल. लॉगिनमध्ये नुसती गैरसोय होते. नोंदणीच्या वेळी मात्र एकाच माणसाची दोन लिप्यांत दोन अकाउंट तयार होण्याची भीती असते. ही केस इंटरव्ह्यूत मी अजून फार कमी जणांकडून ऐकली आहे, आणि ती सांगणारे बहुतेक रोज मराठीत टाइप करणारे होते.

आता पासवर्ड. इथे जवळजवळ सगळे एका खड्ड्यात पडतात. पासवर्ड ८ ते १६ अक्षरांचा असं धरून ७, ८, १६, १७ अशा सीमा सांगतात. पण थांबा. पासवर्डची लांबी हा नोंदणीच्या पानाचा नियम आहे. लॉगिनच्या पानाचं काम एवढंच, की दिलेला पासवर्ड साठवलेल्याशी जुळतो का. लॉगिनवरही "किमान ८ अक्षरं हवीत" अशी तपासणी घातली आणि सोसायटीच्या जुन्या सभासदांनी पूर्वीच्या नियमाने ६ अक्षरांचा पासवर्ड ठेवलेला असेल, तर बरोबर पासवर्ड देऊनही त्यांना आत जाता येणार नाही. म्हणून लॉगिन पेजवरची खरी केस उलटी आहे: जुन्या नियमाने बनलेलं अकाउंट घेऊन लॉगिन करून बघायचं. आणि ७ अक्षरांचा चुकीचा पासवर्ड दिला तर "पासवर्ड लहान आहे" असा वेगळा मेसेज येता कामा नये, नेहमीचाच यावा.

पासवर्डच्या आधी-नंतरची मोकळी जागा सिस्टिमने गुपचूप काढू नये, कारण ती पासवर्डचा भाग असू शकते. पेस्ट चालायला हवी. अमेरिकेतली एनआयएसटी ही मानक संस्थाही २०१७ पासून पेस्ट करू द्यावं असंच सांगते, कारण पेस्ट बंद असली की पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्यांची अडचण होते. बाकी ठिपके, डोळ्याचं चिन्ह, टॅब की, एंटर की हे एका वाक्यात उरकून पुढे जा.

पाचवी चूक

माझ्या मते लॉगिन पेजच्या खऱ्या सीमा रकान्यांत नसतात, त्या आकडा मोजण्यात असतात. इथे दोन अवस्था आहेत, चालू आणि लॉक, आणि त्यांच्यात ये-जा करणारे काही रस्ते. कागदावर दोन गोल आणि बाण काढा. इंटरव्ह्यूत कागद दिलेला असतो तो यासाठीच.

पहिला बाण: चालू अकाउंटवर ५ चुका झाल्या की लॉक. आता माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूतला "कशावरून?" हा प्रश्न. मेसेज आला यावरून काहीच सिद्ध होत नाही. मेसेज हे पानावरचं वाक्य आहे, लॉक सर्व्हरवर असतं. लॉक झालं की नाही हे बरोबर पासवर्ड देऊनच कळतं. पाच चुका करा, मग सहाव्यांदा बरोबर पासवर्ड द्या. आत गेलात तर लॉक नव्हतंच. ही चूक कोडमध्ये एका चिन्हाएवढी लहान असू शकते:

```
if (failedAttempts > 5)  lock();   // सहाव्या चुकीला लॉक
if (failedAttempts >= 5) lock();   // पाचव्या चुकीला लॉक
```

सीमेच्या अलीकडची केसही तितकीच महत्त्वाची: ४ चुका, पाचव्यांदा बरोबर, आत जायला हवं. गेलात? मग थांबू नका. लॉगआउट करा आणि पुन्हा ४ चुका करा. लॉक व्हायला नको, कारण नियमात "लागोपाठ" हा शब्द आहे आणि मध्ये एकदा बरोबर लॉगिन झालेलं आहे. यशस्वी लॉगिननंतर मोजणी शून्यावर आणायला डेव्हलपर विसरला असेल, तर दुसऱ्या फेरीतल्या पहिल्याच चुकीला अकाउंट लॉक होईल. असं झालेलं दिसलं की कारणही लगेच ओळखता येतं: आधीच्या ४ आणि ही १. एका केसमधून दोष आणि त्याचं कारण दोन्ही हाती लागतात, म्हणून ही माझी आवडती केस आहे.

दुसरा बाण: लॉकवरून पुन्हा चालू. १५ मिनिटं कधीपासून? पाचव्या चुकीपासून, की शेवटच्या प्रयत्नापासून? लॉक असताना चौदाव्या मिनिटाला पुन्हा एक चूक करा आणि पंधरा मिनिटं होऊन गेल्यावर लगेच बरोबर पासवर्ड द्या. एका पद्धतीत आत जाल, दुसऱ्या पद्धतीत आणखी जवळपास चौदा मिनिटं बाहेर बसाल. दोन्ही पद्धती कुठे ना कुठे वापरात असतात, त्यामुळे कोणती अपेक्षित आहे ते लिहून घ्यायला हवं. कुलूप उघडल्यावरही एक सापळा आहे: मोजणी शून्यावर आली का? उघडल्यावर एक चूक करा, मग बरोबर पासवर्ड द्या. मोजणी ५ वरच अडकलेली असेल तर त्या एकाच चुकीने पुन्हा लॉक होईल, आणि आजोबा दिवसभर पंधरा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्यात फिरत राहतील.

प्रत्येक केसला १५ मिनिटं बसून राहायचं का, असं समोरून विचारतात. नाही. टेस्टच्या सर्व्हरवर लॉकचा वेळ १ मिनिट ठेवता येईल अशी सोय डेव्हलपरकडून करून घ्यायची आणि बहुतेक केसेस तिथे चालवायच्या. पण शेवटी एकदा खऱ्या १५ मिनिटांवरही चालवायची, कारण मिनिटं आणि सेकंद यांची गल्लत अशी लपून राहू शकते.

तिसरा प्रश्न: मोजणी कुठे ठेवली आहे? फोनवर ३ चुका आणि लॅपटॉपवर २ चुका करा. मोजणी अकाउंटवर असेल तर लॉक होईल. ब्राउझरच्या कुकीत असेल तर होणार नाही, आणि इन्कॉग्निटो खिडकी उघडली की पुन्हा पाच संधी मिळतील. तसं असेल तर लॉकचा उपयोगच नाही. उलट अकाउंटवरच्या मोजणीचीही किंमत मोजावी लागते. सेक्रेटरीचा मोबाइल नंबर सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावलेला असतो. कुणीही त्या नंबरवर पाच चुकीचे पासवर्ड टाकून त्यांना बाहेर ठेवू शकतो, दर पंधरा मिनिटांनी पुन्हा. हा कोडचा दोष नाही, नियमाचाच आहे. टेस्टरने त्यावर बग टाकण्यापेक्षा तो प्रश्न टीमसमोर ठेवावा: आयपी अ‍ॅड्रेसवरही मर्यादा ठेवायची का, की कुलूपाऐवजी प्रत्येक चुकीनंतर थांबायचा वेळ वाढवायचा.

मघाच्या कोष्टकाला जोडून एक केस इथे येते. नोंद नसलेल्या नंबरवर पाच चुका करा. "अकाउंट लॉक झालं" हा मेसेज फक्त नोंदलेल्या नंबरलाच येत असेल, तर पुढच्या दारातून बंद केलेली गळती मागच्या दारातून चालू आहे.

लोकलमध्ये नेटवर्क जातं, माणूस बटण तीनदा दाबतो, मग नेटवर्क येतं. तीन रिक्वेस्ट गेल्या तर एका चुकीच्या तीन चुका मोजल्या जातील का? डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा वेग कमी करून आणि बटण भराभर दाबून हे बघता येतं. आणि लॉक असतानाच ओटीपी घेऊन पासवर्ड बदलला तर? माझ्या समजुतीने लॉक उघडायला हवं, कारण मालकाने आपली ओळख पटवली आहे. पण तुमची समजूत वेगळी असेल तरी चालेल, कारण सांगा.

आत गेल्यावर

इथे थोडक्यात. लॉगआउट करून ब्राउझरचं बॅक बटण दाबा. बिल दिसायला नको. दिसलं तर ते बहुधा ब्राउझरने साठवलेलं जुनं पान असतं, म्हणून त्यावर रिफ्रेश करून बघा. रिफ्रेशनंतरही बिल राहिलं तर सेशन सर्व्हरवर संपलेलंच नाही आणि मामला गंभीर आहे. लॉगिनआधीचा सेशन आयडी लॉगिननंतर बदलतो का ते कुकीत बघा. फोनवर पासवर्ड बदलल्यावर लॅपटॉपवरचं उघडं सेशन बंद होतं का, हेही.

एसक्यूएल इंजेक्शनचं नाव सगळे घेतात. नाव घेतलंत तर काय टाकणार आणि काय अपेक्षित हेही सांगा: नंबरच्या जागी `' OR '1'='1` टाकल्यावर नेहमीचाच "मोबाइल नंबर किंवा पासवर्ड चुकीचा आहे" हा मेसेज यावा, डेटाबेसची एरर दिसू नये. आणि ते पानावरच्या तपासणीला बगल देऊन, थेट सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवून करायचं. दहा आकड्यांचा रकाना ते पानावरच अडवेल आणि सर्व्हरबद्दल काहीच कळणार नाही.

एक केस पूर्ण लिहून दाखवा

तोंडी सांगून झाल्यावर "यातली एक लिहा" असं मी नेहमी म्हणते. "लॉगिन नीट चालतं का ते पाहणे" असं लिहून देणारे अजून भेटतात. त्यात काय करायचं आणि काय दिसायला हवं हे दोन्ही नाही. मला असं हवं असतं:

केस: यशस्वी लॉगिननंतर चुकांची मोजणी शून्यावर येते.
आधीची स्थिती: सभासद क्र. १ चं अकाउंट चालू, चुकांची मोजणी ०, लॉकची मर्यादा ५.
पायऱ्या: (१) बरोबर नंबर आणि चुकीचा पासवर्ड ४ वेळा द्या. (२) बरोबर पासवर्ड देऊन आत जा. (३) लॉगआउट करा. (४) चुकीचा पासवर्ड पुन्हा ४ वेळा द्या. (५) बरोबर पासवर्ड द्या.
अपेक्षित: पायरी २ आणि ५ मध्ये लॉगिन होतं, स्वतःच्या फ्लॅटचं बिल दिसतं. पायरी १ आणि ४ मध्ये प्रत्येक वेळी "मोबाइल नंबर किंवा पासवर्ड चुकीचा आहे" हाच मेसेज.

"आधीची स्थिती" गाळली की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. सकाळी सहकाऱ्याने त्याच टेस्ट अकाउंटवर एक चूक करून ठेवली होती, माझ्या चौथ्या चुकीला अकाउंट लॉक झालं आणि मी बग टाकून मोकळी. डेव्हलपरने अर्धा दिवस शोधलं. तेव्हापासून लॉकच्या केसेससाठी वेगळं अकाउंट, जे दुसरं कुणी वापरत नाही.

आता छत्री

वस्तू दिली की उमेदवार गोंधळतो, कारण नियम लिहिलेले नसतात. पण सुरुवात तीच: कोणासाठी? समजा उत्तर आलं, "ऑफिसला लोकलने जाणाऱ्यांसाठी, तीन घड्यांची, बटणाने उघडणारी." आता साधा रस्ता असा: एका हातात बॅग आहे, स्टेशनच्या जिन्यावर पावसात, एकाच हाताने छत्री उघडता येते का? बंदही एका हाताने करायची असेल तर तीन घड्यांच्या छत्रीत दांडा आत ढकलायला बहुधा दुसरा हात लागतो. हे समोरच्याला सांगितलंत तर वस्तू हातात घेतलेली आहे हे त्याला दिसतं.

रकान्यांच्या जागी इथे भाग आहेत: कापड, काड्या, दांडा, मूठ, बटण. प्रत्येकाबद्दल दहा केसेस नकोत. लॉगिनसारखंच अवस्थांकडे वळा. छत्रीच्या अवस्था तीन आहेत: मिटलेली, उघडलेली आणि वाऱ्याने उलटी झालेली. उलटी झालेली छत्री हे छत्रीचं लॉक झालेलं अकाउंट आहे. मरीन ड्राइव्हवर जुलैत छत्री उलटणार हे धरूनच चालावं लागतं. तेव्हा "उलटत नाही ना" एवढंच विचारून भागत नाही, "उलटल्यावर पुन्हा सरळ होते का, आणि किती वेळा" हे विचारायचं. सरळ केल्यावर उघड-मीट करून बघा, एखादी काडी वाकून कापडाबाहेर आली का ते पहा. तीच मघाची "कुलूप उघडल्यावर मोजणी शून्यावर आली का" वाली केस.

ओली छत्री मिटून पिशवीत रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडा: बटण अडकतं का, काड्यांना गंज येतो का, कापडाचा रंग पांढऱ्या शर्टवर उतरतो का. मुंबईत छत्रीची सगळ्यात कठीण परीक्षा मला हीच वाटते. मग बटण चुकून बॅगेत दाबलं गेलं तर? गर्दीच्या डब्यात छत्री अचानक उघडली तर शेजारच्याच्या डोळ्याला लागेल, म्हणजे ही सुरक्षेची केस झाली आणि तिचा क्रम वर जातो.

उघड-मीट किती वेळा करायची, हा आकडा स्वतःहून ठोकू नका. "एका पावसाळ्यात रोज दहा वेळा, चार महिने, म्हणजे साधारण बाराशे वेळा असं मी धरते" असं गणित मांडून सांगा. आकडा चुकला तरी तो कुठून आला ते दिसतं आणि समोरचा तो बदलू शकतो.

आणि क्रम. काडी मोडेपर्यंत वाकवायची केस आधी घेतलीत तर बाकीच्या केसेसना छत्रीच उरणार नाही. मोडतोडीच्या केसेस शेवटी, आणि किती नमुने लागतील ते आधी सांगायचं. लॉकच्या केसेससाठी वेगळं अकाउंट ठेवतो तसंच.

शेवटी मी घड्याळाकडे बघते आणि म्हणते, "रिलीज अर्ध्या तासावर आहे. या सगळ्यातल्या तीन केसेसच चालवायला वेळ आहे." गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या एका मुलीने क्षणभर विचार करून सांगितलं, "मॅडम, एक, बरोबर पासवर्डने स्वतःचंच बिल दिसतं का. दोन, दुसऱ्याच्या पासवर्डने आत जाता येत नाही ना. तीन, पाच चुकांनंतर बरोबर पासवर्ड." मी विचारलं, तिसऱ्या केसमध्ये मेसेज का नाही बघणार? ती म्हणाली, "मेसेज खोटं बोलू शकतो."